मोठे पॅकेज, जवळजवळ तेवढाच पगार: लोटे आणि तळोजा येथील दोन ऑफर्सची तुलना

हे प्रकरण चिपळूणच्या एका तरुण केमिकल इंजिनिअरचे आहे. त्याला येथे निखिल म्हटले आहे. नाव बदलले असून कंपन्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, मात्र आकड्यांचे परस्परप्रमाण कायम ठेवले आहे. नोकरीची अनेक वर्षे कारखान्यांच्या पगार विभागात काढल्यामुळे ओळखीतली मुले ऑफर लेटर घेऊन माझ्याकडे येतात. निखिलही तसाच आला होता.

## पार्श्वभूमी

निखिल २५ ऑगस्ट २०२० पासून लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या रसायन कारखान्यात काम करत होता आणि २०२५ च्या मे महिन्यात तेथे शिफ्ट इनचार्ज होता. सर्व कपाती जाऊन त्याच्या हातात दरमहा सुमारे ४१,००० रुपये येत असत. तो अविवाहित असून चिपळुणात आईवडिलांसह स्वतःच्या घरात राहतो. वडिलांना मधुमेह आहे आणि त्यांचा व आईचा आरोग्य विमा त्याच्या कंपनीच्या गट विम्यातून चालत होता.

त्या महिन्यात त्याला दोन ऑफर्स आल्या. पहिली लोटे येथीलच, पण मोठ्या आणि औषधी रसायने बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीची होती. तिचे पॅकेज वर्षाला ८,०४,००० रुपये होते. दुसरी तळोज्याच्या कंपनीची, पॅकेज १०,८०,००० रुपये. दोन्हीकडे पद, पाळ्या आणि जबाबदारी जवळजवळ सारखीच होती, आणि हे येथे महत्त्वाचे आहे, कारण काम वेगळे असते तर केवळ पगाराची तुलना अपुरी ठरली असती.

## अडचण

घरात निर्णय जवळजवळ झालाच होता. दोन पॅकेजेसमधला फरक वर्षाला २,७६,००० रुपयांचा, म्हणजे महिन्याला २३,००० रुपयांचा दिसत होता, आणि एवढ्या फरकावर विचार कसला करायचा, असे वडिलांचे म्हणणे होते. पनवेलला मामा राहतात, त्यामुळे राहण्याचाही प्रश्न नाही, अशी पुस्ती त्याला जोडलेली होती. निखिलला मात्र एक गोष्ट खटकत होती. तळोज्याच्या मुलाखतीत त्याने महिन्याला हातात किती येतील असे विचारले, तेव्हा एचआरच्या अधिकाऱ्याने आकडा सांगण्याऐवजी “आमच्याकडे पॅकेजच्या भाषेत बोलतात” असे उत्तर दिले होते.

त्याच्याकडे दोन्ही कंपन्यांचे ईमेल होते, पण पगाराची फोड फक्त लोट्याच्या कंपनीने दिली होती. तळोज्याच्या पत्रात एकूण रक्कम आणि “२० टक्के व्हेरिएबलसह” एवढेच शब्द होते. व्हेरिएबल म्हणजे नफा किंवा कामगिरीनुसार कमीजास्त मिळणारा भाग. म्हणून पहिले काम तुलना करण्याचे नव्हतेच. तुलना करता येईल असा कागद मिळवण्याचे होते. निखिलने तळोज्याला लेखी विनंती करून पगाराचा तक्ता मागवला. तो मिळायला एक स्मरणपत्र पाठवावे लागले, पण मिळाला.

| वार्षिक रक्कम (रुपये) | लोटे | तळोजा |
|---|---|---|
| दरमहा निश्चित पगार × १२ | ६,४८,००० | ६,९६,००० |
| व्हेरिएबल, पूर्ण मिळाल्यास | ८४,००० | २,१६,००० |
| जॉइनिंग बोनस | नाही | ७५,००० |
| कंपनीचा पीएफ हिस्सा | ४३,२०० | ३८,८८० |
| ग्रॅच्युइटीची तरतूद | १७,३१६ | १५,५८४ |
| गट विम्याचा हप्ता | ११,४८४ | १४,५३६ |
| बस व कॅन्टीन | पॅकेजबाहेर | २४,००० |
| एकूण पॅकेज | ८,०४,००० | १०,८०,००० |

हा तक्ता समोर ठेवला तेव्हाच २३,००० रुपयांचा फरक विरघळू लागला. दरमहाचा निश्चित पगार लोट्याला ५४,००० आणि तळोज्याला ५८,००० होता. लोट्याचे बेसिक ३०,००० रुपये, म्हणून निखिलच्या पगारातून १२ टक्क्यांनी ३,६०० रुपये पीएफ कापला जाणार होता; तळोज्याचे बेसिक २७,०००, म्हणून कपात ३,२४० रुपयांची. व्यवसाय कर महाराष्ट्रात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे दोन्हीकडे सारखाच. आयकर दोन्हीकडे शून्य होता, कारण २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून पगारदाराचे १२,७५,००० रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त राहते. घरभाडे भत्ता जास्त असलेली ऑफर घे, टॅक्स वाचतो, असा सल्ला त्याला एका नातेवाइकाने दिला होता. ती सवलत जुन्या प्रणालीतली आहे, आणि येथे मुळात वाचवण्यासारखा करच नव्हता.

हातात येणारी रक्कम अशी निघाली: लोटे ५०,२००, तळोजा ५४,५६०. फरक महिन्याला ४,३६० रुपयांचा.

## व्हेरिएबलचे वजन

तळोज्याच्या २,१६,००० रुपयांचे काय करायचे, हा या प्रकरणातला खरा निर्णयाचा टप्पा होता. ती रक्कम पूर्ण धरली तर तळोजा उजळून निघतो, शून्य धरली तर अन्याय होतो. म्हणून ती कशावर अवलंबून आहे, कधी मिळते आणि आजवर प्रत्यक्षात किती मिळाली, ही तीन उत्तरे आधी हवी होती.

कंपनीच्या धोरणानुसार व्हेरिएबलचा ६० टक्के भाग कंपनीच्या नफ्याशी आणि ४० टक्के भाग वैयक्तिक मूल्यांकनाशी बांधलेला होता. नफा ठरवलेल्या उद्दिष्टाच्या ९० टक्क्यांखाली गेला, तर ६० टक्क्यांचा भाग पूर्ण शून्य होणार होता. शिफ्ट इनचार्ज कितीही चांगला असला तरी कंपनीचा नफा त्याच्या हातात नसतो, त्यामुळे या रकमेचा मोठा भाग निखिलच्या कामापासून तुटलेला होता. पैसे आर्थिक वर्ष संपल्यावर, हिशेबतपासणी होऊन, जूनमध्ये मिळत. त्या दिवशी माणूस नोकरीत असला पाहिजे आणि त्याने राजीनामा दिलेला नसला पाहिजे, अशीही अट होती. म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये रुजू झालेल्याला पहिली रक्कम, तीही आठ महिन्यांपुरती, जून २०२६ मध्ये दिसली असती.

आजवरच्या वाटपाबद्दल एचआरने फोनवर “साधारण सत्तर-ऐंशी टक्के” असे सांगितले, पण लिहून द्यायला नकार दिला. त्याच कारखान्यातील चिपळूणच्या एका इंजिनिअरने निखिलला आपल्या जूनच्या दोन सॅलरी स्लिप दाखवल्या. त्यांत एका वर्षी लक्ष्य रकमेच्या ६० टक्के आणि आदल्या वर्षी ४० टक्के मिळाल्याचे दिसत होते. एका माणसाच्या दोन स्लिपवरून नियम काढता येत नाही, हे खरे. पण तोंडी आश्वासनापेक्षा त्या विश्वसनीय होत्या. आम्ही ५० टक्के धरले, म्हणजे १,०८,००० रुपये.

लोट्याचे व्हेरिएबल लहान होते, पण दर तिमाहीला मिळणारे आणि त्या प्लांटच्या उत्पादनाशी व सुरक्षिततेच्या नोंदींशी जोडलेले होते. आधीच्या तिमाहींचे वाटप ८५ ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे एचआरने ईमेलवरच कळवले. तेथे ९० टक्के, म्हणजे ७५,६०० रुपये धरले.

जॉइनिंग बोनसचे ७५,००० रुपये मात्र वार्षिक हिशेबातून बाहेर काढले. तो पहिल्या पगारासोबत एकदाच मिळणार होता आणि २४ महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास पूर्ण परत करायचा होता. तो काढल्यावर दुसऱ्या वर्षी, पगारवाढ गृहीत न धरता, तळोज्याचे पॅकेज १०,०५,००० रुपयेच उरते. पत्रावरचा मोठा आकडा फक्त पहिल्या वर्षाचा होता, आणि ते पत्रात कोठेही स्पष्ट लिहिलेले नव्हते.

## भत्ते आणि फायदे

लोट्याला रात्रपाळीचा भत्ता पॅकेजच्या बाहेर, प्रत्येक रात्रीला २५० रुपये असा मिळणार होता. महिन्याला सरासरी आठ रात्रपाळ्या धरल्या तर ते वर्षाला २४,००० रुपये होतात. तळोज्याला हाच भत्ता “विशेष भत्त्यात समाविष्ट” होता, म्हणजे रात्रपाळी केली काय आणि न केली काय, पगार तेवढाच. लोट्याची कंपनी बस चिपळूणहून परशुराम घाटातून थेट गेटपर्यंत जाते आणि तिचा खर्च पॅकेजमध्ये दाखवलेला नव्हता. तळोज्याने बस आणि कॅन्टीनचे २४,००० रुपये पॅकेजमध्ये धरले होते. सुविधा दोन्हीकडे होती. एकाने तिची किंमत लावून आकडा फुगवला होता, एवढाच फरक.

विम्याचे पारडे हप्त्याच्या उलट दिशेने झुकले. तळोज्याचा हप्ता जास्त होता, पण संरक्षण कर्मचारी, जोडीदार आणि मुले एवढ्यांनाच. लोट्याच्या कंपनीत आईवडिलांसह ४ लाखांचे संरक्षण होते. आईवडिलांसाठी वेगळी पॉलिसी घ्यायची तर वडिलांच्या मधुमेहामुळे वर्षाला सुमारे ३६,००० रुपये हप्ता लागेल, असे एका विमा प्रतिनिधीने सांगितले. हा खर्च हिशेबात घ्यायचा का, यावर आम्ही थोडे थांबलो. जो फायदा वापरलाच जाणार नाही त्याची किंमत धरू नये, असा माझा शिरस्ता आहे. पण निखिलच्या आईवडिलांना संरक्षण आधीच होते आणि ते चालू ठेवायचे घरात ठरलेलेच होते, म्हणून तो धरला.

पीएफमध्ये निखिलचा हिस्सा आणि कंपनीचा हिस्सा मिळून लोट्याला ८६,४०० आणि तळोज्याला ७७,७६० रुपये जमा होणार होते. कंपनीच्या हिश्श्यातून दरमहा १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात, त्यामुळे पूर्ण रक्कम खात्यात दिसत नाही. दोन्हीकडे ती सारखीच जात असल्याने तुलनेला बाधा येत नव्हती. नोकरी सोडताना एकरकमी मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीची तरतूद दोन्हीकडे शून्य धरली. पाच वर्षे पूर्ण झाल्याशिवाय ती मिळत नाही, आणि निखिल कोणत्याही ठिकाणी पाच वर्षे टिकेल असे तेव्हा कोणीच सांगू शकत नव्हते.

सगळे मांडल्यावर तळोज्याची वार्षिक आघाडी १६,०८० रुपयांवर आली: महिन्याला १,३४० रुपये. जॉइनिंग बोनस दोन वर्षांत विभागून धरला तरी ती महिन्याला ४,५०० रुपयांच्या आतच राहत होती. आणि अजून तळोज्यात राहण्याचा खर्च धरलेलाच नव्हता.

## विचारात घेतलेले पर्याय

मामांकडे राहण्याचा पर्याय घरात सर्वांत आधी मांडला गेला होता, म्हणून त्याचा आधी विचार केला. कोकणातून मुंबईकडे गेलेल्या पिढ्या नातेवाइकांकडेच उतरल्या, त्यात नवे काही नाही. पण पाळीवर काम करणारा माणूस रात्री बाराला घरी येतो किंवा सकाळी सातला झोपतो, आणि मामांच्या दोन खोल्यांत दहावीतली मुलगी होती. निखिलच्या आईनेच सांगितले की तीन-चार महिने ठीक आहे, त्यापुढे नको. मग पनवेल परिसरात भाड्याची खोली, जेवण आणि महिन्यातून दोनदा कोकण रेल्वेने घरी ये-जा, असा साधारण १८,००० रुपयांचा मासिक खर्च धरला. त्या खर्चापुढे तळोज्याची सगळी आघाडी संपत होती आणि दरमहा तेरा-चौदा हजारांची तूट उरत होती.

आहे तिथेच थांबून पगारवाढ मागणे हा दुसरा पर्याय होता. सध्याच्या कंपनीने ६,००० रुपयांची वाढ तोंडी सुचवली, पण ती पुढील एप्रिलपासून आणि पत्राशिवाय. निखिलने तो विषय तेथेच सोडला.

तिसरा पर्याय दोन्ही कंपन्यांशी बोलून अटी बदलून घेण्याचा होता. तळोज्याची तुलना प्रतिकूल निघाली तरी ती ऑफर लगेच नाकारू नये, असे ठरले. याचे कारण डावपेचाचे नव्हते. ती कंपनी मोठी होती आणि तेथे पुढची पदे जास्त होती. व्हेरिएबलचा काही भाग निश्चित पगारात आला असता, तर निखिल तूट सोसूनही जायला तयार होता.

## केलेली कृती

निखिलने तळोज्याच्या एचआरला लिहिले की व्हेरिएबलमधील ७२,००० रुपये निश्चित पगारात वळवावेत. एकूण पॅकेज वाढवू नये. अशी मागणी कंपनीला स्वस्त वाटते असे समजले जाते, पण तसे नसते. निश्चित पगार नफा बुडालेल्या वर्षीही द्यावा लागतो, व्हेरिएबल द्यावे लागत नाही. अपेक्षेप्रमाणे, त्या श्रेणीची रचना बदलता येत नाही असे उत्तर आले आणि त्याऐवजी जॉइनिंग बोनस २५,००० रुपयांनी वाढवण्याची तयारी दाखवली गेली. निखिलने ती घेतली नाही. परतफेडीच्या अटीत अडकलेली रक्कम मोठी झाली, की दोन वर्षांच्या आत बाहेर पडणे तेवढेच महाग होते.

लोट्याच्या कंपनीकडे त्याने दोन गोष्टी मागितल्या. निश्चित पगार ५४,००० ऐवजी ५७,००० करावा, आणि रुजू होण्याची तारीख १ ऑगस्टऐवजी १ सप्टेंबर करावी.

दुसरी मागणी पहिलीपेक्षा मोलाची होती. सध्याच्या नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी लागणारी त्याची पाच वर्षे २४ ऑगस्ट २०२५ रोजी पूर्ण होत होती. साठ दिवसांचा नोटीस पिरियड धरून तो जुलैअखेर बाहेर पडला असता, तर पाच वर्षांना तीन-चार आठवडे कमी पडले असते. शेवटच्या वर्षी २४० दिवस भरले की पाच वर्षे पूर्ण मानायची, अशी भूमिका काही कंपन्या घेतात. पण त्याच्या कंपनीच्या कार्यालयाने पूर्ण पाच वर्षांचाच आग्रह धरला होता, आणि यासाठी वाद घालत बसण्यात अर्थ नव्हता. शेवटचे बेसिक २२,००० रुपये. २६ ने भागून १५ ने आणि पुन्हा ५ वर्षांनी गुणले की ग्रॅच्युइटी ६३,४६१ रुपये निघते. तळोज्याची कंपनी १ ऑगस्टच्या पुढे जायला तयार नव्हती, म्हणजे तिच्या जॉइनिंग बोनसमधले बहुतेक पैसे निखिलचे स्वतःचेच, दुसऱ्या खिशातून गेलेले असते.

लोट्याने तारीख मान्य केली आणि पगार ५६,००० रुपयांवर ठरला. निखिलने सुधारित पत्र हातात आल्यावरच, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, राजीनामा दिला.

## परिणाम

निखिल १ सप्टेंबर २०२५ रोजी लोट्याला रुजू झाला. जुन्या कंपनीची ग्रॅच्युइटी कायद्यातील ३० दिवसांच्या मुदतीत जमा झाली. वाढीव पगारानुसार त्याने महिन्याला ५२,२०० रुपयांची अपेक्षा धरली होती. पहिल्या सॅलरी स्लिपवर ५१,७५० आले. कपातींच्या रकान्यात पीएफ आणि व्यवसाय कराखाली “कॅन्टीन वर्गणी ४५०” अशी एक ओळ होती. पॅकेजबाहेरची सुविधा म्हणजे फुकट सुविधा, असे आम्ही दोघांनीही धरले होते आणि कोणीच विचारले नव्हते. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचे व्हेरिएबल जानेवारी २०२६ मध्ये ८८ टक्क्यांनी, म्हणजे १८,४८० रुपये मिळाले. अंदाजाशी ते जुळते, पण एका तिमाहीवरून जास्त काही म्हणता येणार नाही.

## वेगळे काय करता आले असते

वाढवून मिळालेले २,००० रुपये कोठे गेले, हे राजीनाम्याआधी पाहायला हवे होते. कंपनीने ते विशेष भत्त्यात घातले आणि बेसिक ३०,००० वरच ठेवले. त्यामुळे निखिलच्या हातात पूर्ण २,००० पडतात, हे त्याला आवडलेही. पण पीएफमधील कंपनीचा हिस्सा वाढला नाही आणि रजेचे रोखीकरणही जुन्याच बेसिकवर होईल. आज हातात जास्त हवे की पुढे साठलेले जास्त हवे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मात्र पगार वाढवून मागताना त्याच ईमेलमध्ये कोणत्या घटकात वाढ हवी तेही लिहावे.

ऑफर्सनंतर कायद्यातही एक बदल झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि त्यांत वेतनाची व्याख्या अशी आहे की वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. बेसिक लहान ठेवून भत्ते फुगवणाऱ्या पगाररचनेचा ग्रॅच्युइटीवरील परिणाम त्यामुळे बदलतो. आता अशी तुलना करताना फक्त बेसिक न विचारता, ग्रॅच्युइटी आणि रजा कोणत्या रकमेवर मोजणार, हे विचारावे लागेल.

निखिलचे घर चिपळुणात नसते, तर निकाल उलटा लागू शकला असता. खेडपासून लांबच्या एखाद्या मुलाला लोट्यातही खोली घ्यावी लागते, आणि मग राहण्याच्या खर्चातील फरक १८,००० वरून चार-पाच हजारांवर येतो; त्यात जॉइनिंग बोनस धरला तर दोन्ही ऑफर्स जवळजवळ बरोबरीच्या ठरतात आणि पुढची पदे कोठे जास्त, हाच प्रश्न निर्णायक होतो. निखिलसाठी तो प्रश्न मिटलेला नाही, फक्त पुढे गेला आहे. सहा महिन्यांचा प्रोबेशन काळ संपताना त्याने एचआरला लेखी विचारले की कायम झाल्यावर २,००० रुपये बेसिकमध्ये वळवता येतील का. वार्षिक आढाव्यात विचार करू, असे उत्तर आले. ते त्याने जपून ठेवले आहे, कारण या वेळी ते ईमेलवर आले आहे.